जर्मनीत संसार थाटताय? नमस्काराची सुरुवात जिन्यापासून करा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली पोरं जर्मनीला निघाली की व्हिसा, घरभाडं, बँक यांबद्दल सांगणारे ढीगभर भेटतात. तिथं शेजारणीला काय म्हणायचं, डॉक्टरकडं गेल्यावर आधी कोणी बोलायचं, आई-बाबा राहायला आले की त्यांना काय शिकवायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. मी श्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात संसार केला, तिथंच मुलं वाढवली आणि आता टिळकवाडीत परत आले आहे. ओळखीतलं कोणी निघालं की मला हेच प्रश्न विचारतं, म्हणून एकदा सगळं क्रमानं लिहून काढते. हे लेखन श्टुटगार्ट भागाला, म्हणजे श्वाबियाला धरून आहे. उत्तरेत हाम्बुर्गकडं शब्द वेगळे, तिथं दिवसभर 'मॉइन' चालतं.

आधी एक फरक डोक्यात पक्का करा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपल्याकडं ओळखीचा माणूस दिसला की आपण प्रश्न टाकतो. "काय गा, कुठं चाललास?", "जेवलास काय?", शेजारीण कन्नड बोलणारी असेल तर "ऊटा आतेन्री?" अनोळखी माणूस जिन्यात भेटला तर आपण बाजूला सरकून वाट देतो, बोलत नाही, आणि त्यात कोणाला काही वाटतही नाही. तिकडं बरोबर उलटं आहे. एकाच इमारतीत राहता म्हणून अनोळखी माणसालाही शब्द द्यायचा, पण प्रश्न कुणाला विचारायचा नाही. नवीन गेलेले आपले लोक दोन्हीकडून चुकतात: अनोळखी शेजाऱ्याशी गप्प राहतात आणि ओळख झाली की लगेच "कुठं निघालात?" विचारतात.

आधी जमवून ठेवायच्या गोष्टी

- बेलवर आणि टपालपेटीवर लावायची नावाची पट्टी, रोमन अक्षरांत
- घरमालकाचं राहण्याचं प्रमाणपत्र आणि त्यावर केलेली पत्तानोंदणी (राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते)
- शेजाऱ्यांना द्यायला लहानसं काही: काजूचं पाकीट, चहा-मसाला, कोरडा खाऊ
- आई-बाबा येणार असतील तर तुमचं हमीपत्र (हे तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून मिळतं), त्यांचा शेंगेन व्हिसा आणि किमान 30,000 युरोचा प्रवासी आरोग्य विमा
- खिशात मावेल असं एक कार्ड, त्यावर चार जर्मन शब्द देवनागरीत

कुंदा सामानात घालायचा मोह सगळ्यांना होतो. दुधाचे पदार्थ प्रवाशांनी बाहेरून युरोपियन युनियनमध्ये आणायला बंदी आहे आणि कुंदा तर सगळा दुधाचाच. कस्टमच्या माणसाला तो मिठाई आहे का दुधाचा पदार्थ हे समजावत बसण्यापेक्षा तिथल्याच दुधाचा घरी आटवा. पूर्ण साईचं दूध, थोडं दही घालून रवाळ फाडायचं, साखर थोडी करपवून घालायची आणि दुपारभर हलवत बसायचं. शेजाऱ्यांना द्यायला तो पहिल्या भेटीला नको, ओळख झाल्यावर द्या. रंग बघून ते आधी बिचकतात.

1. नावाची पट्टी लावा आणि स्वतः बेल वाजवा

तिथल्या इमारतींत घरांना बहुतेक क्रमांक नसतात. पोस्टमन पट्टीवरचं नाव वाचून टपाल टाकतो. त्यामुळं पत्तानोंदणीत जे नाव आहे तेच पट्टीवर हवं. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लिहा, नाहीतर एकाची पत्रं परत जातात. ही पट्टी शेजाऱ्यांसाठी तुमची पहिली ओळख असते. नाव कळेपर्यंत तुम्हाला हाक कशी मारायची हे त्यांना समजत नाही.

आपल्याकडं नवं बिऱ्हाड आलं की शेजारीण चहा घेऊन येते, निदान "पाणी आलंय काय?" म्हणून डोकावते. तिकडं वाट बघत बसलात तर कोणी येणार नाही. नव्यानं आलेल्यानं बेल वाजवायची अशी रीत आहे. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत, संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान, नवरा-बायको आणि मुलं मिळून जा. दुपारी एक ते तीन आणि रविवार टाळा, त्या वेळी शांतता पाळतात. रात्री दहानंतर तर कुणाच्या दाराशी जायचंच नाही.

दारात दोन वाक्यं पुरतात: "ग्र्यूस गॉट, आम्ही दुसऱ्या मजल्यावर नवीन आलोय," आणि आडनाव. हातात खाऊ द्या, हसा, निघा. आत बोलावलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका, ती भेट दारातलीच असते. आणि "या कधीही घरी" म्हणू नका. त्यांच्या लेखी तारीख-वेळ नसलेलं बोलावणं म्हणजे बोलावणंच नाही. बोलवायचं असेल तर "पुढच्या शनिवारी साडेतीनला कॉफीला या" असं म्हणा, ते डायरीत लिहून ठेवतील आणि साडेतीनलाच येतील. तीन पस्तीसला आले तर उशीर झाला म्हणून माफी मागतील, तेव्हा साडेतीनला तुमचं घर आवरलेलं असू दे.

2. आत येणाऱ्यानं आधी बोलायचं

मोठ्यांना लहानांनी आधी नमस्कार करायचा, हा आपला हिशेब वयाचा आहे. तिथला हिशेब दाराचा. जो आत येतो तो बोलतो, मग तो सत्तर वर्षांचा असो.

डॉक्टरच्या बसायच्या खोलीत हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. पाच-सहा अनोळखी माणसं मान खाली घालून बसलेली असतात. तुम्ही आत गेलात की सगळ्या खोलीला मिळून एकदा "गूटन टाग" म्हणायचं. दोघं-तिघं पुटपुटत उत्तर देतात, बाकीचे मान हलवतात. तुमचा नंबर लागून तुम्ही उठलात की "आउफ वीडरझेएन" म्हणून निघायचं. कुणाकडं बघून बोलायची गरज नाही आणि "काय झालंय तुम्हाला?" तर मुळीच विचारायचं नाही. आपल्या दवाखान्यात शेजारच्या बाईच्या गुडघ्याचा इतिहास पाच मिनिटांत कळतो, तिथं तो कधीच कळत नाही.

बेकरीत, लिफ्टमध्ये, लहान दुकानात हेच. बेकरीत थेट "दोन ब्रेड द्या" म्हटलं तर मिळतात, पण समोरच्या बाईचा चेहरा उतरलेला दिसतो. आधी "गूटन टाग", मग ब्रेड, मग निरोपाचं "च्यूस". जंगलातल्या वाटेवर किंवा द्राक्षमळ्यांतून फिरताना समोरून येणारेही बोलतात. मोठ्या शहराच्या भर रस्त्यात मात्र कोणी कोणाला बोलत नाही, तिथं सगळ्यांना नमस्कार करत सुटू नका.

श्वाबियात म्हातारी माणसं 'ग्र्यूस गॉट' म्हणतात. त्यात देवाचं नाव आहे म्हणून अडखळू नका, आपल्या रामरामासारखं ते तोंडात बसलेलं आहे. उत्तरही तेच द्या. ऑफिसात दुपारी बाराच्या सुमारास लोक जाता-येता 'माल्त्साइट' म्हणतात. हे जेवायचं बोलावणं नव्हे. उत्तर 'माल्त्साइट' एवढंच.

"वी गेट्स?" म्हणजे "कसं काय?" हे ओळखीच्या माणसालाच विचारा. विचारलंत तर थांबून ऐका. समोरची बाई खरंच पाठदुखी सांगायला लागते, आणि तुम्ही तोवर जिना उतरून गेलेल्या असाल तर तिला तो उद्धटपणा वाटतो.

3. हात, नमस्कार आणि नजर

पहिल्या भेटीला हात मिळवतात. घट्ट, थोडक्यात, डोळ्यांत बघून. चार माणसं उभी असतील तर चौघांशीही, त्यात मुलंही आली. एकाला हात देऊन बाकीच्यांना नुसती मान हलवली की वगळल्यासारखं वाटतं. कोरोनानंतर काही लोक हात टाळतात, तेव्हा समोरच्याचा हात पुढं येतो का ते बघा.

ज्यांना परक्या माणसाचा हात धरायला संकोच वाटतो, आपल्या बऱ्याच आयांना वाटतो, त्यांनी नमस्कारच करावा. तिथं नमस्कार सगळ्यांना माहीत आहे, कोणी वाईट मानत नाही. फक्त तो वेळेवर करायचा. माणूस दोन पावलं लांब असतानाच हात जोडा आणि हसा. समोरचा हात पुढं आल्यावर जोडलात तर तो हात अधांतरी राहतो. एकदा हात पुढं आलाच तर मग तो घ्या.

नजरेचं जास्त सांभाळावं लागतं. मोठं माणूस बोलत असताना खाली बघायचं, असं आपण मुलांना शिकवतो. तिथल्या शाळेत बाई बोलत असताना मूल खाली बघत राहिलं की त्याचं लक्ष नाही किंवा त्यानं काहीतरी लपवलंय असं समजतात. शाळा सुरू व्हायच्या आधी हे मुलाशी बोलून घ्या: शाळेत बाईंच्या डोळ्यांत बघायचं, गावी आजोबा रागावले तर खाली बघायचं. मुलांना दोन जागांचे दोन नियम पटकन कळतात. अडतं ते आपल्याला.

4. हाक कशी मारायची

शेजारच्या बाईला मुलानं 'मावशी' म्हणायची सवय तिथं चालत नाही, आणि नुसतं पहिलं नाव घेणंही नाही. मोठ्या बायकांसाठी 'फ्राउ', पुरुषांसाठी 'हेर' आणि पुढं आडनाव, बोलताना आदरार्थी 'झी'. आपल्या आई-बाबांना हे उलट सोपं जातं, कारण नावानं हाक मारणं त्यांच्या तोंडी येतच नाही.

'झी' वरून जवळिकीच्या 'डू' वर कधी यायचं हे तुम्ही ठरवायचं नाही. वयानं मोठी किंवा ऑफिसात वरची व्यक्ती स्वतः म्हणते, "आपण डू म्हणूया." तोवर थांबा. एकदा ठरल्यावर परत 'झी' म्हणू लागलात तर काहीतरी बिनसलं असा अर्थ होतो. बऱ्याच कंपन्यांत पहिल्या दिवसापासून सगळे 'डू' असतात, पण त्यावरून घराशेजारच्या आजींना 'डू' म्हणू नका.

बालवाडीत मुलं बाईंना पहिल्या नावानं हाक मारतात आणि आपल्या आजी-आजोबांना ते व्हिडिओवर ऐकून धक्का बसतो. प्राथमिक शाळेत गेल्यावर 'फ्राउ' सुरू होतं. घरी येणाऱ्या मराठी, कन्नड मित्रमंडळींना मात्र काका, मावशी, अंकल काय ते आपलंच ठेवा. तिथं मुलाला जर्मन पद्धत लावायची काही गरज नाही.

5. घरातला नमस्कार वेळ ठरवून टिकवा

रोज सकाळी देवाला आणि मोठ्यांना वाकून नमस्कार, हे तिथल्या धावपळीत टिकत नाही आणि रोज टोकलं तर मूल वैतागतं. माझ्या मते थोडेच प्रसंग पकडा आणि ते सोडू नका: सण, वाढदिवस, प्रवासाला निघताना. दसऱ्याला आपट्याचं किंवा बन्नीचं पान तिथं मिळत नाही, गावाहून झाडपाला आणायलाही निर्बंध आहेत. सोनेरी कागदाची पानं मुलांकडून कापून घ्या. लहानानं मोठ्याच्या हातात पान द्यायचं आणि वाकायचं, एवढं झालं की दसरा झाला.

फोनचं गणित वेगळं. उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागं असतं, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं, ऑक्टोबरात त्या दिवशी आजी तासभर फोन धरून बसते, तेव्हा आदल्या दिवशीच सांगून ठेवा. रविवारी तिथले दुपारचे चार ही वेळ बरी, बेळगावात तेव्हा साडेसात-साडेआठ वाजलेले असतात. फोन लागला की पहिलं वाक्य मुलाचं: "नमस्कार आज्जी, जेवलीस काय?" पुढं ते कुठल्याही भाषेत बोलू दे. पहिलं वाक्य बरोबर आलं की आजी बाकी सगळं माफ करते.

वाढदिवसाचा एक सापळा. गावाकडचे लोक रात्री बाराला फोन करतात, तेव्हा जर्मनीत आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. घरच्यांचं ठीक. पण जर्मन शेजाऱ्याला किंवा सहकाऱ्याला आदल्या दिवशी शुभेच्छा देऊ नका, ते अपशकुनी मानतात. आणि ऑफिसात ज्याचा वाढदिवस तोच केक आणतो, दुसऱ्यांनी आणायची वाट बघू नका.

6. आई-बाबा आले की

शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. एवढे दिवस घरात बसून काढणं खानापूरच्या माणसाला शक्य नाही, तेव्हा त्यांना बाहेर बोलायला शिकवूनच टाका. माझे बाबा शेतातले, मराठी शाळेत शिकलेले, बाजाराचं कन्नड उत्तम. कार्डावर चारच शब्द लिहिले: नमस्काराला ग्र्यूस गॉट, आभाराला डांकं, 'कृपया'ला बिटं आणि निघताना आउफ वीडरझेएन. सकाळी मळ्याच्या वाटेनं फिरायला जाताना ते सगळ्यांना ग्र्यूस गॉट म्हणू लागले. अडचण त्यापुढची होती. त्यांना प्रत्येकाजवळ थांबून, हातानं खूण करून "कुठं निघालात?" विचारायचं असायचं, आणि कुत्रं घेऊन चाललेली माणसं गोंधळायची. मग त्यांना सांगितलं की बोलायचं आणि पाय चालू ठेवायचा. ते म्हणाले, "ह्येला काय बोलणं म्हणत्यात?" पण जमवलं.

जिन्याचंही त्यांना सांगून ठेवा. श्वाबियात जिना आणि दारासमोरचा भाग आठवड्याच्या पाळीनं झाडायचा असतो, त्याला 'केअरवॉखं' म्हणतात. पाळी आली की त्या नावाची पाटी तुमच्या दाराला अडकवलेली दिसते. आठवडा संपला की झाडून ती पुढच्या दाराला लावायची. आईनं ती पाटी शोभेची समजून काढून आत ठेवली तर सगळा जिना तुमच्यावर नाराज होतो आणि कोणी तोंडानं सांगत नाही. नमस्काराची उत्तरं एकाएकी तुटक येऊ लागली तर आधी पाटी कुठं आहे ते बघा.

आता तळमजल्यावरच्या आजी कॉफीला आल्या, तेव्हा काय घडतं ते सांगते. त्या ठरल्या वेळेला बेल वाजवतात, हातात फुलं. आई दोन पावलांवरून नमस्कार करते, आजींना फार आवडतं. फुलं लगेच पाण्यात घाला, देवापुढं नेऊन ठेवू नका, त्यांना ती टेबलावर दिसायला हवी असतात. मग खाणं. आई पोहे वाढते, त्या थोडे घेतात, संपल्यावर आई परत वाढायला जाते. त्या "नाइन, डांकं" म्हणतात. आपल्याकडं पहिलं 'नको' हे बोलायचं असतं म्हणून आई चमचा पुढं करते, त्या ताटलीवर हात धरतात. इथं थांबा. त्यांचं नको म्हणजे नको. एकदा परत विचारलंत तर चालतं, तिसऱ्यांदा विचारलंत की त्यांना जबरदस्ती वाटते.

हेच उलट्या बाजूनं जास्त महागात पडतं. तुम्ही त्यांच्याकडं गेलात, त्यांनी कॉफी विचारली आणि तुम्ही रीतीप्रमाणं "नको, कशाला" म्हणालात, तर कॉफी येत नाही. परत कोणी विचारतही नाही. हवी असेल तर पहिल्यांदाच हो म्हणा. आई-बाबांना हे निघायच्या आधी घरीच सांगा, नाहीतर दोघं कोरड्या घशानं परत येतात आणि "काय माणसं, चहासुद्धा विचारत न्हाईत" हे गावभर होतं.

निघताना हळद-कुंकू लावायचं असेल तर आधी विचारा आणि काय आहे ते एका वाक्यात सांगा. बहुतेक जणी आनंदानं कपाळ पुढं करतात. एखादीनं नको म्हटलं तर हातात फळ द्या.

7. सुट्टीला गावी आल्यावर

सांब्र्याला विमान उतरायच्या आधी मुलांशी पाच मिनिटं बोला. घरात शिरल्यावर आजी-आजोबांना वाकून नमस्कार, हात पुढं करायचा नाही. आजोबांचे मित्र भेटले तर त्यांनाही 'काका' किंवा 'आजोबा', आणि त्यांच्या डोळ्यांत रोखून बघत बोलायचं नाही. तिथल्या शाळेत जे शहाणपण तेच इथं आगाऊपणा ठरतं. "जेवलास काय रे?" म्हणून दहा जण विचारतील, ते ताट वाढायला विचारत नसतात. "होय, तुमचं झालं काय?" एवढं म्हटलं की पुरे. निघताना "येतो" म्हणायचं, "जातो" नाही. शेजारची कन्नड काकूही "बर्तेन्री" म्हणते ते मुलांच्या कानावर पडलेलं असतंच.

दुकानात, बसमध्ये मराठीत बोलू का कन्नडात, हा प्रश्न तिकडं वाढलेल्या मुलांना पडतो. 'नमस्कार' दोन्हीकडं चालतो. तेवढं बोलून समोरचा कुठल्या भाषेत उत्तर देतो ते ऐका आणि त्याच भाषेत, मोडकंतोडकं का होईना, पुढं जा.

पगार किती, घर घेतलंस काय, मुलीचं लग्न कधी, हे प्रश्न येणारच. जर्मनीत वाढलेल्या मुलीला ते अंगावर येतात. तिला आधीच एक उत्तर देऊन ठेवा: "ते बाबांना विचारा काका." काका बाबांकडं वळतात, आणि बाबांना अशा प्रश्नांची सवय असते.